मशीन बदलण्याआधी बाबांना ‘ई’ म्हणायला सांगा

प्रश्न: बाबांचं वय ७६. दीड महिन्यापूर्वी पुण्यातच दोन्ही कानांना मशीन घेतलं. आठ दिवस घातलं आणि कपाटात ठेवलं. म्हणतात, स्वतःचाच आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो, आणि भांडी वाजली की डोकं उठतं. मशीन चुकीचं घेतलं का? बदलून दुसरं घ्यावं का?

उत्तर:

लगेच बदलू नका. बाबांच्या या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. आमच्याकडे सासऱ्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. आम्ही दोन्ही तक्रारी एकत्र करून ‘मशीनच खराब’ म्हणालो आणि चार महिने वाया घालवले.

आधी माठातला आवाज. बाबांना मशीन कानात घालून ते बंद करायला सांगा आणि लांब ‘ई…’ म्हणायला लावा. बंद मशीनमध्येही आवाज घुमत असेल, तर मशीनच्या आवाजाचा त्यात काही दोष नाही, कान बुजल्यामुळे तसं होतंय. तुम्ही स्वतः दोन्ही कानांत बोटं घालून आधी ‘आ’ आणि मग ‘ई’ म्हणून बघा, लगेच लक्षात येईल. बोलताना जबड्याची आणि कवटीची कंपनं कानाच्या नळीत उतरतात. एरवी ती बाहेर निघून जातात, पण नळीचं तोंड बंद केलं की आतच अडकतात. उलट, मशीन चालू केल्यावरच आवाज घुमत असेल, तर खालच्या पट्टीचा, म्हणजे जाड आवाज जास्त वाढवलेला आहे. तो कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत कमी करता येतो.

आमचे सासरे, अण्णा, ७८ वर्षांचे, आयुष्यभर खडकीला कारखान्यात नोकरी. त्यांच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, ५०० हर्ट्झला, म्हणजे जाड आवाजाला, कान २५ डेसिबलवर होता, म्हणजे जवळपास ठणठणीत; आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी. २००० ला ५५ आणि ४००० ला ७०. म्हणजे जाड आवाज त्यांना स्वतःच्या कानानेच येत होते, मदत हवी होती ती फक्त बारीक आवाजांना. अशा कानात बऱ्याचदा ओपन डोम चालतो, म्हणजे भोकं असलेली रबरी टोपी. जाड आवाज त्या भोकांतून आपोआप आत येतो आणि स्वतःचा आवाज बाहेर जातो. पण आम्ही जिथून मशीन घेतलं, तिथे शिटी वाजू नये म्हणून सरळ बंद डोम बसवला होता. पुढे दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी तो बदलला, तेव्हा अण्णा खुर्चीतच ‘एक दोन तीन’ म्हणून बघत बसले आणि म्हणाले, “हां, हा माझा आवाज.” मशीन तेच, टोपी तेवढी बदलली.

हे सगळ्यांना जमतं असं नाही. जाड आवाजही कमी ऐकू येत असतील, तर डोम मोकळा ठेवल्यावर वाढवलेला आवाज बाहेर गळतो आणि शिटी वाजू लागते. मग कानाच्या मापाचा मोल्ड करून त्यात लहान भोक ठेवतात. घुमणं कमी होतं, पूर्ण जात नाही. म्हणून तुम्ही आधी ऑडिओग्राम काढा आणि ५०० ला किती डेसिबल आहे ते बघा.

आता भांडी. वयामुळे आधी बारीक आवाज जातात, आणि ते हळूहळू गेल्यामुळे कळतही नाही. अण्णांना ‘फुलं’चं ‘मुलं’ ऐकू यायचं, ‘सून’चं ‘ऊन’. स, फ, थ, ख या अक्षरांचा बारीक भाग हरवलेला, स्वर तेवढे येत होते. मशीनने तो बारीक आवाज एकदम परत आणला आणि त्याबरोबर स्टीलचा चमचा, कागदाची सळसळ, नळाची टिपटिपही आली. मेंदूला या आवाजांकडे दुर्लक्ष करायची सवयच राहिलेली नसते. ती काही आठवड्यांत येते, काहींना दोन-तीन महिने लागतात, पण मशीन रोज कानात असेल तरच. (टिपटिपची तक्रार अण्णांनी आठवडाभर केली. शेवटी बघितलं तर मोरीचा नळ खरंच गळत होता.)

पण ‘सवय होईल’ म्हणून सगळंच सोडून देऊ नका. खटकणं आणि दुखणं यात फरक आहे. महिनाभर रोज घातल्यावरही ताट पडलं की बाबा दचकून कानाला हात लावत असतील, तर बहुधा मशीनच्या कमाल आवाजाची मर्यादा जास्त ठेवली आहे. ती वेगळी सेटिंग असते. ती न बदलता सगळाच आवाज कमी केला, तर भांडी शांत होतात आणि बोलणंही जातं. मी पिशवीतून घरची पळी आणि स्टीलची वाटी घेऊन गेले होते. ऑडिओलॉजिस्टबाई हसल्या, पण ती वाजवत वाजवतच त्यांनी मर्यादा लावली.

त्याच भेटीत त्यांनी मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि रोज सरासरी किती तास घातलं जातं ते दाखवलं. अण्णा “रोज घालतो की” म्हणत होते आणि पडद्यावर १.२ तास. अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी ओरडा केला नाही. त्यांनी आवाज आधी थोडा खाली आणला आणि पुढच्या तीन भेटींत पायरीपायरीने वर नेला. आम्ही घरी सकाळचे दोन तास ठरवले: फक्त मी आणि ते, समोरासमोर, टीव्ही बंद, पेपर मोठ्याने वाचायचा. आठवड्याने टीव्ही, मग सोसायटीतला कट्टा. मंडईत महिना झाल्यावर नेलं. बहुतेक लोक पहिल्याच दिवशी मशीन घालून लग्नाच्या हॉलमध्ये जातात आणि मशीनवरच फुली मारतात. तिथे चांगल्या मशीनचीही दमछाक होते.

पुढच्या भेटीत ‘रिअल इअर मेजरमेंट’ करता का, हे जरूर विचारा. मशीन कानात असताना एक बारीक नळी आत सरकवतात आणि कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय ते मोजतात. कानाची नळी प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे कंपनीच्या अंदाजावर केलेली सेटिंग बऱ्याचदा चुकते. जास्त चॅनेलचं, म्हणजे आवाजाच्या जास्त पट्ट्या वेगवेगळ्या जुळवता येणारं, महाग मशीन घेण्याआधी मी हे मोजून घेईन.

मशीन खरंच बदलावं लागेल अशी एक वेळ मला दिसते: बोटांना ते झेपत नसेल तेव्हा. संधिवाताच्या बोटांनी मसुराएवढी बॅटरी बदलणं हा छळच आहे. तिथे चार्जिंगचं, कानामागे बसणारं बरं.

आणि एक अपेक्षा आधीच कमी करा. आवाज पुरेसा मोठा करूनही शब्द ओळखण्याच्या चाचणीत बाबांना निम्मेच शब्द कळत असतील, तर कोणतंही मशीन ते शंभर टक्के करणार नाही. तिथे समोर बसून, सावकाश बोलणं तुमच्याकडे राहतं. एका कानाला दुसऱ्यापेक्षा फारच कमी ऐकू येत असेल, तर मशीनवाल्याकडे नको, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा; दोन-तीन दिवसांत अचानक कान गेला असेल, तर त्याच दिवशी जा.

मशीनचा आवाज अचानक कमी झाला तर आधी रिसीव्हरच्या, म्हणजे कानात जाणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, टोकाची मळ अडवणारी जाळी बदला. आमच्याकडे दहातल्या आठ वेळा तेच निघतं. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा.