फी सांगताना आवाज का पडतो?

“मी शाळकरी मुलांना ऑनलाइन प्रोग्रामिंग शिकवते. पालक विचारतात, ‘नक्की शिकला काय?’ आणि माझी बोलतीच बंद होते. मग फी मागायला जीभ रेटत नाही.”

या तक्रारीसह माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना फीचा आकडा हवा असतो. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी, त्यामुळे आकड्याआधी त्यामागचा विचार शोधते.

या ताईंच्या बॅचमध्ये दहा-बारा वर्षांची सहा मुलं होती आणि पहिले दोन महिने स्क्रॅच शिकवायचं ठरलं होतं. त्यात कोड टाइप न करता ठोकळे जोडून पडद्यावरचं मांजर हलवायचं असतं. एका वडिलांनी टोकलं, “अजून मांजरच हलवतोय!” ताईंनी घाबरून तिसऱ्याच आठवड्यात टाइप करून लिहायची पायथॉन भाषा सुरू केली. मग अर्धा तास कंस आणि सुटलेल्या मोकळ्या जागा शोधण्यात जाऊ लागला, लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करून घेणं, बाजूलाच राहिलं.

मी विचारलं, “मुलाला लूप कळलं, हे तुम्हाला कशावरून समजतं?”

“रन दाबण्याआधी विचारते, काय छापेल?” त्यांनी मला कागदावर लिहून दाखवलं:

```python
for i in range(1, 5):
    print(i)
```

“जवळजवळ सगळे म्हणतात, एक ते पाच. छापलं जातं चारपर्यंतच. मग एखादा स्वतःच ओरडतो, ‘शेवटचा आकडा धरतच नाही!’”

“हे पालकांना कधी सांगितलंत?”

त्या बराच वेळ गप्प होत्या. “मी फक्त लूप झालं, एवढंच कळवते.”

गाठ तिथेच सुटली. धड्यांची यादी वाचून पालकाला काहीच दिसत नाही, मुलाचा चुकलेला अंदाज आणि त्याने शोधलेलं कारण मात्र दिसतं. त्या पुन्हा स्क्रॅचवर आल्या. क्रम, लूप आणि अट यांचे अंदाज मूल बरोबर सांगू लागेपर्यंत पायथॉन नाही, असं त्यांनी ठरवलं. पंधरा दिवसांतून एकदा दोन ओळींचा निरोप आणि महिनाअखेरीस मुलानेच पाच मिनिटं आपला प्रोजेक्ट घरच्यांना समजावायचा. त्या वेळी ताई मध्ये बोलत नाहीत, हे मी आग्रहाने सांगितलं होतं.

त्यानंतर फी सोपी झाली. ताई दर महिन्याचे शिकवण्याचे आठ तासच मोजत होत्या. मी सगळं लिहून काढायला लावलं: तयारीचे चार, मुलांची कामं तपासण्याचे तीन, निरोपांचे तीन, बुडालेल्या तासांच्या भरपाईचे दोन. एकूण वीस. या विसांना आपल्या तासाच्या मोबदल्याने गुणायचं, इंटरनेटसारखा खर्च मिळवायचा आणि पाचाने भागायचं. जागा सहा असल्या तरी एखादी रिकामी राहतेच. फी महिन्याच्या सुरुवातीला घ्यायची आणि भरपाईचे तास दोनच, हे प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यायचं.

नवी फी ऐकून एक मूल गेलं. मांजरावरून टोकणाऱ्या वडिलांचा पुढच्या महिन्यात निरोप आला, “पाच का छापत नाही, हे त्याने काल मला समजावलं.”