दोन भिंगांचा आयपीस बनवताय? आधी मधलं अंतर नीट समजून घ्या

पहिला आयपीस हायगेन्सचाच करा, असं मी आग्रहाने सांगेन. साधी, एकाच काचेची दोन समतल-बहिर्वक्र भिंगं पुरतात. पुढचं, म्हणजे वस्तुभिंगाकडचं, ६० मिमी नाभीय अंतराचं घ्या आणि डोळ्याजवळचं २० मिमीचं. दोन्हींची सपाट बाजू डोळ्याकडे ठेवा.

आता मधलं अंतर. दोन्ही नाभीय अंतरांच्या बेरजेच्या निम्मं ठेवलं, की लाल आणि निळ्या प्रतिमा एकाच आकाराच्या दिसतात आणि कडेची रंगीत झालर जाते. इथे ते ४० मिमी येतं. गोलीय दोष कमीत कमी हवा असेल तर अंतर दोन्हींच्या वजाबाकीइतकं लागतं. तेही ४० मिमीच! तीनास एक हे प्रमाण निवडण्यामागे हीच खुबी आहे. आयपीसचं एकूण नाभीय अंतर ३० मिमी येईल.

जोडल्यावर एखादी काळी-पांढरी कड दृश्याच्या टोकाला नेऊन पाहा. रंग दिसला तर आधी अंतर मोजा. गोलीय दोष मात्र पूर्ण जात नाही, त्यामुळे f/6 सारख्या दुर्बिणीत तारे कडेला पसरतीलच. f/12 ला हाच आयपीस छान चालतो.

सूक्ष्मदर्शकात मापनपट्टी बसवायची असेल तर हा नको. इथे प्रतिमा दोन भिंगांच्या मधोमध बनते, म्हणून पट्टी एकट्या डोळ्याजवळच्या भिंगातून दिसते आणि तिला रंगाची कड येते. त्यासाठी रॅम्सडेन घ्या, त्यात प्रतिमा पुढच्या भिंगाच्याही बाहेर पडते.