पिठीच्या एका वाटीत ६४२ किलोकॅलरी?

“मॅडम, आहारशास्त्राच्या प्रॅक्टिकलला घरच्या पदार्थाचं पोषणमूल्य काढायचं असतं. मी तक्ता बघूनच आकडे घेते, गुणाकारही दोनदा तपासते, तरी उत्तर भलतंच येतं. माझं गणितच कच्चं आहे का?”

देवगडकडच्या एका मुलीने हे विचारलं तेव्हा मी तिची जर्नल मागितली. पदार्थ होता कुळथाची पिठी. एक वाटी, वजन २०० ग्रॅम. तक्त्यात कुळथाला १०० ग्रॅममागे ३२१ किलोकॅलरी, म्हणून वाटीची ऊर्जा ६४२. गुणाकार अगदी बरोबर होता. पण भातावर ओतायच्या त्या पातळ पिठीत जवळजवळ सगळं पाणीच असतं, आणि तक्त्यातला ३२१ हा आकडा कोरड्या, कच्च्या कुळथाचा आहे. तिने शिजलेल्या पदार्थाच्या वजनाला कच्च्या धान्याचा आकडा लावला होता. वरणाला, उसळीला, भातालाही मुलं हेच करतात.

मी तिला म्हटलं, “आई पिठी करेल तेव्हा काटा घेऊन चुलीपाशी उभी राहा. भांड्यात पडायच्या आधी प्रत्येक जिन्नसाचं वजन लिही.” तेल घरोघरी अंदाजानेच पडतं, त्यामुळे बाटली फोडणीच्या आधी आणि नंतर तोलायची, जो फरक येईल तेवढं तेल. नारळ खवल्यावर तोलायचा, करवंटीसकट नाही, कारण तक्ता १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागाचा असतो. (बांगडा घेतलास तर काटे-डोकं वजा करायचं, तेही याचसाठी.) आणि रिकाम्या टोपाचं वजन आधीच टिपून ठेवायचं. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात, मग शिजलेली पिठी किती झाली हे कळायला मार्गच उरत नाही.

ती आकडे घेऊन आली: कुळथाचं पीठ ५० ग्रॅम, ओला नारळ १५ ग्रॅम, तेल १० ग्रॅम, शिवाय लसूण, मिरची, आमसुलं. टोप वजा करून तयार पिठी ६०० ग्रॅम.

पुढचं गणित आम्ही बसून केलं. कुळीथ ५० ग्रॅम, म्हणजे ३२१ च्या निम्मे, १६०.५ किलोकॅलरी. ओल्या नारळाला १०० ग्रॅममागे ४४४, म्हणून १५ ग्रॅमचे ६६.६. तेलाला ९००, म्हणून १० ग्रॅमचे ९०. एकूण ३१७. ही अख्ख्या टोपाची ऊर्जा. २०० ग्रॅमची वाटी म्हणजे टोपाचा तिसरा हिस्सा, म्हणून सुमारे १०६ किलोकॅलरी. पाणी ओतल्याने टोपातली ऊर्जा बदलत नाही, ती फक्त जास्त वाट्यांत वाटली जाते, हे तिला इथे पटलं.

मग तिने विचारलं, “पण हे बरोबर आहे हे परीक्षेत मला कसं कळणार?” त्यासाठी एक पडताळा आहे. प्रथिने, स्निग्ध पदार्थ, कर्बोदके वेगळी काढायची. पिठीत प्रथिने ११.७, स्निग्ध पदार्थ १६.५, कर्बोदके ३०.६ ग्रॅम आली. प्रथिने आणि कर्बोदकांना ४ ने, स्निग्ध पदार्थांना ९ ने गुणून बेरीज केली तर साधारण ३१८ येतात. ३१७ च्या शेजारीच. पाच-दहाचा फरक चालतो. शंभराचा आला तर एखादा दशांशचिन्ह सरकलाय किंवा शेजारची ओळ वाचली गेलीय. मात्र सगळ्या रकान्यांत तेच चुकीचं वजन वापरलं असेल तर ही चूक या पडताळ्यात पकडली जात नाही, तिचे ६४२ सुद्धा त्यातून सुटले असते. म्हणून वजन कच्च्याचं की शिजल्याचं हे आधी बघायचं.

तिच्या मैत्रिणीच्या वहीत कुळथासमोर तेराशेच्या पुढचा आकडा होता. तोही चुकीचा नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, तिला ४.१८४ ने भागायचं. जुन्या तक्त्यात थेट किलोकॅलरी आहेत. दोन्हींतले आकडे थोडे वेगळे असतात, त्यामुळे एका पाककृतीला एकच तक्ता वापरावा आणि कोणता ते जर्नलमध्ये वर लिहावं.

तोंडी परीक्षेत आमसुलांचं विचारतात. ती चवीपुरती पडतात आणि वाढताना काढून टाकतो, म्हणून धरली नाहीत, असं सांगितलं की पुरतं. लसूण-मिरचीही ऊर्जेच्या हिशोबात नगण्य. क जीवनसत्त्व काढायला सांगितलं तर मात्र सावध राहायचं: तक्त्यातला आकडा कच्च्या मिरचीचा असतो आणि उकळताना त्यातलं बरंच नाहीसं होतं, त्यामुळे उत्तराखाली “शिजवण्यातली घट धरलेली नाही” हे लिहायचं. पिठीचं पीठ भाजलेल्या कुळथाचं असतं आणि भाजताना थोडं पाणी उडतं, म्हणून खरा आकडा ३२१ पेक्षा किंचित वर असणार. तिने हे स्वतःहून विचारलं. मी म्हटलं, जर्नलमध्ये एका ओळीत नोंद कर, पण आकडा तक्त्यातलाच ठेव.