व्ह्यूज कमी, डेटा जास्त: खासगी व्हिडिओंच्या रिपोर्टवरची प्रश्नोत्तरे

घोडबंदर रोडला माझा क्लास आहे. मुलं ६०, पण लेक्चरचे व्ह्यूज २१०. बाहेरचं कोणी बघतंय का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. एकाच मुलाने तीनदा लावलं की बहुतेक ठिकाणी तीन व्ह्यूज पडतात. व्हिडिओ कोणत्या डोमेनवर चालला ती यादी बघा. परकं नाव दिसलं तर एम्बेडची परवानगी आजच फक्त तुमच्या साइटपुरती करा. मुलांनी एकमेकांना लॉगिन दिलं असेल, तर ते मात्र या यादीत कळणार नाही.

४० मिनिटांच्या एका लेक्चरला महिन्यात १५० जीबी गेले. व्हिडिओ होस्टिंगची कंपनी म्हणते, मोठा प्लॅन घ्या. घेऊ का?

आत्ता नको. व्ह्यूजवरून जीबीचा हिशोब लावू नका, ही गल्लत रोज समोर येते. दोन मिनिटं बघून बंद केलं तरी व्ह्यू एक, पूर्ण बघितलं तरी एकच. हिशोब बघितलेल्या मिनिटांचा करायचा.

तुमचा १०८०पी व्हिडिओ ४ एमबीपीएसचा धरू. आठाने भागलं की सेकंदाला अर्धा एमबी, म्हणजे मिनिटाला ३० एमबी आणि पूर्ण लेक्चरला १.२ जीबी. साठही जणांनी एकदा पूर्ण बघितलं तर ७२ जीबी. नेट मंद असलं की प्लेअर खालची क्वालिटी देतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून कमीच यायला हवा.

आता रिपोर्टमधली एकूण मिनिटं काढा. ती ५,००० च्या आसपास असतील तर १५० जीबी खरोखर बघण्यातच गेले. परीक्षेआधी मुलं पुन्हा बघतातच. पण मिनिटं २,४०० आणि डेटा १५० जीबी असेल, तर बघण्याव्यतिरिक्त काहीतरी डेटा खातंय. पानावर ऑटोप्ले आहे का, एकाच पानावर दहा प्लेअर आधीच लोड होतात का, डाउनलोडचं बटण चालू आहे का, हे तपासा. मिनिटं प्लेअर कळवतो, डेटा मात्र सर्व्हरवर मोजला जातो. त्यामुळे अ‍ॅड-ब्लॉकरने प्लेअरचा निरोप अडवला तर मिनिटं गळतात, डेटा गळत नाही.

तपासल्याशिवाय मोठा प्लॅन घेतलात तर गळतीचेच पैसे भराल. सपोर्टला व्हिडिओचा आयडी आणि तारखा देऊन दिवसवार डेटा मागा. लवकर मागा, जुन्या नोंदी कायम ठेवल्या जातातच असं नाही. ‘अनलिमिटेड’ म्हणाले तर वाजवी वापराची मर्यादा लेखी घ्या.

महापेच्या कारखान्यात ८० कामगारांनी सेफ्टीचा व्हिडिओ बघितला, युनिक व्ह्यूअर १ कसा?

हॉलमधल्या एकाच कम्प्युटरवर दाखवला असेल. युनिक म्हणजे बहुधा एक ब्राउझर, एक माणूस नव्हे. हजेरीचा पुरावा म्हणून हा आकडा लावू नका. प्रत्येकाचं लॉगिन व्हिडिओशी जोडता येईल का, ते तुमच्या आयटीवाल्यांना विचारा.

पहाटे ४ चे व्ह्यूज आदल्या दिवसात का दिसतात?

रिपोर्ट यूटीसी वेळेवर असेल, तर आपल्याकडे त्याचा दिवस सकाळी ५:३० ला बदलतो. सेटिंगमध्ये टाइमझोन बघा.