हा अर्ज तुमच्या टेबलावर आला असता तर?

‘मॅडम, दिवाळीत दीड लाखाची इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. आता रस्त्यात दुसऱ्या कंपनीची स्कूटर दिसली की पोटात गोळा येतो. घरी मात्र हीच कशी भारी, ते सगळ्यांना सांगत बसतो. मन थाऱ्यावर का नाही?’

तुमचं पत्र वाचताना मला गेल्या वर्षी आलेले एक गृहस्थ आठवले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते. वय पंचेचाळीसच्या आसपास, राहायला फुलेवाडीकडे, नोकरी एका पतसंस्थेत, कर्ज विभागात. ते आले होते झोप लागत नाही म्हणून. गाडीचा विषय त्यांनी काढलाच नाही, तो त्यांच्या पत्नीने काढला.

तीन महिन्यांपूर्वी त्यांनी साडेतेरा लाखांची ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. दहा लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षं मुदत, महिन्याला १६,३०० रुपयांच्या घरात हप्ता. अंबाबाईच्या दर्शनाला गाडी नेली, पेढे वाटले. मग जेवताना मेव्हणा सहज बोलून गेला, ‘दाजी, त्यापेक्षा सीएनजीची घेतली असती तर चार लाख वाचलं असतं की!’ त्या एका वाक्यावरून दाजी ताटावरून उठले. त्यानंतर रोज रात्री बारापर्यंत मोबाइलवर त्याच गाडीचे व्हिडिओ बघणं सुरू झालं. पत्नीने विचारलं, ‘अहो, घेतलेली गाडी किती वेळा बघताय?’ त्यावरही भांडण. पुढच्या महिन्यात त्यांनी चाळीस हजारांचे सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम वगैरे बसवून घेतलं. माझे कान टवकारले ते इथे. गाडीबद्दल खात्री असलेला माणूस तिच्या समर्थनासाठी आणखी पैसे घालत नाही.

या अवस्थेला मानसशास्त्रात बोधात्मक विसंगती म्हणतात. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये हा सिद्धांत मांडला. एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी मनात एकाच वेळी बसल्या की माणसाला अस्वस्थ वाटतं, आणि ती अस्वस्थता घालवायला मन काहीतरी खटपट करतं. भूक लागल्यावर हात डब्याकडे जावा तशी ही खटपट असते, ठरवून केलेली नसते.

खरेदीनंतर हे का होतं, ते जॅक ब्रेहमच्या १९५६ च्या प्रयोगात छान दिसतं. त्याने विद्यार्थिनींकडून टोस्टर, कॉफीचं यंत्र अशा घरगुती वस्तूंना गुण देऊन घेतले. मग त्यातल्या दोन वस्तू पुढे ठेवून म्हटलं, एक घरी न्या. निवड झाल्यावर पुन्हा गुण द्यायला लावले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले, नाकारलेलीचे घटले, आणि दोन्ही वस्तू आधी तुल्यबळ होत्या तिथे हा फरक जास्त पडला. कारण सरळ आहे. निवड झाली म्हणून नाकारलेल्या वस्तूतलं चांगलं आणि निवडलेल्या वस्तूतलं वाईट कुठे जात नाही, ते दोन्ही टोचत राहतं. याच सुमारास नव्या गाडीमालकांवर एक अभ्यास झाला होता. ते घेतलेल्या गाडीच्याच जाहिराती जास्त वाचत होते. मात्र न घेतलेल्या गाड्यांच्या जाहिराती ते टाळतात, असं काही स्पष्ट दिसलं नाही. म्हणजे आमच्या गृहस्थांचे व्हिडिओ आणि तुमच्या पोटातला गोळा, दोन्ही एकाच घरातले. (ब्रेहमच्या पद्धतीवर पुढे आक्षेपही आले. गुणांतला काही फरक मोजणीच्या पद्धतीमुळेच दिसू शकतो, असं २०१० मध्ये दाखवलं गेलं. म्हणून ‘चार महिन्यांत आपोआप बरं वाटेल’ असं मी कुणाला सांगत नाही.)

पण लोक लाखो रुपयांच्या गाड्या घेतात आणि निवांत झोपतात. यांची झोप का उडाली? त्याचं उत्तर त्यांच्या नोकरीत होतं. दिवसभर ते कर्जदारांना सांगतात, ‘अंथरूण पाहून पाय पसरा.’ गल्लीत कुणालाही पैशाचा सल्ला हवा असला की यांच्याकडे येतात. ‘मी हिशेबी माणूस’ ही त्यांची स्वतःबद्दलची समजूत, आणि दारात उभी असलेली गाडी तिला रोज आव्हान देत होती. विसंगती स्वतःच्या प्रतिमेला भिडली की फार बोचते. मेव्हण्याने नाव गाडीचं घेतलं, यांच्या कानाला ते ‘तुम्हाला हिशेब कळत नाही’ असं ऐकू आलं.

पहिल्या भेटीत मी त्यांना न घेतलेल्या सीएनजी गाडीच्या पाच चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या. दहा मिनिटांत दोन झाल्या, त्याही ‘पण’ लावून. ही माझी एक चाचणी आहे. शांत मनाने निवड केलेला माणूस दुसऱ्या वस्तूचं कौतुक सहज करतो.

दुसऱ्या भेटीत मी गाडीबद्दल बोललेच नाही. म्हटलं, ‘दुसऱ्या कुणाचा हाच अर्ज तुमच्या टेबलावर आला असता तर?’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. हातात येणारा पगार बावन्न हजार, हप्ता त्याच्या जवळपास एकतीस टक्के, मुलीची बारावी आणि क्लासची फी. म्हणाले, ‘मंजूर केला असता मॅडम. पण दहा नाही, आठ लाख.’

याच एका वाक्यापाशी गाठ सुटायला लागली. तोपर्यंत मनात दोनच खाने होते: निर्णय अगदी बरोबर, नाहीतर मी मूर्ख. आता तिसरा सापडला. गाडी ठीक, कर्ज दोन लाखांनी जास्त. दोन लाखांचा प्रश्न कसा सोडवायचा, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मी फक्त मुदतीआधी रक्कम भरल्यास शुल्क लागतं का, ते करारात बघायला लावलं. एक ठेव मोडून दोन लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेले ८१ हप्ते ६० वर येतात, हा हिशेब त्यांनी तिथेच मांडला. आवाजात तीन महिन्यांनी पहिल्यांदा जोर होता.

गाडी विकून टाकावी का, हेही आम्ही तपासलं. तीन महिन्यांत किंमत जेवढी उतरली होती, तेवढा फटका खाऊन विकणं म्हणजे केवळ बोच घालवायची किंमत मोजणं झालं असतं. उलट गाडी ठेवण्यामागचं कारणही फक्त ‘आधीच एवढे पैसे घातलेत’ असं नको होतं. आईचे गुडघे दुखतात आणि या गाडीत तिला चढता येतं, हे कारण निघालं. खरं कारण.

तुमच्या बाबतीत मी दोन गोष्टी आधी वेगळ्या करीन. एका चार्जमध्ये स्कूटर तुमच्या रोजच्या फेरीला पुरत नसेल, किंवा सांगितलं एक आणि दिलं दुसरं असेल, तर ती विसंगती नाही, ती तक्रार आहे. थेट शोरूमला जा. आणि स्कूटरच नव्हे, साध्या साध्या निर्णयांवरही मन असंच अडकत असेल, दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. यातलं काहीच नसेल, तर आज रात्री त्या दुसऱ्या स्कूटरच्या पाच चांगल्या गोष्टी लिहा, ‘पण’ न लावता. घरच्यांना त्यातली एक तरी मोठ्याने सांगा.

आमच्या गृहस्थांनी ते मेव्हण्यासमोरच केलं. पुढच्या सणाला पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढे ओढत म्हणाले, ‘सीएनजीनं पैसे वाचलं असतं, खरं आहे तुझं.’ मेव्हणा गडबडून गेला. त्याला तो विषय आठवतही नव्हता.