‘ही डोन्ट लाइक टी’ या वाक्यात कर्ता आणि क्रियापद जुळत नाही, असे म्हणायचे का?

होय, प्रमाण इंग्रजीत हे वाक्य चूकच आहे. तिथे ‘ही डझन्ट लाइक टी’ असेच लिहावे लागते. नकारासाठी आलेले ‘डू’ हे साहाय्यक क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलून ‘डझ’ होते आणि तृतीयपुरुषी एकवचनाची खूण एकदा त्याने घेतली, की मुख्य क्रियापद मूळ रूपातच राहते. नाशिकमध्ये शिकवणीच्या वह्या तपासताना मला ‘ही डझन्ट लाइक्स टी’ हे वाक्यही वारंवार दिसते; त्यात ती खूण दोनदा लागल्यामुळे तेही तितकेच चूक ठरते.

आपल्याकडे ही चूक सहज होते, कारण ‘मला चहा आवडत नाही’ आणि ‘त्याला चहा आवडत नाही’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद चहाप्रमाणे चालते, त्यामुळे व्यक्ती बदलली तरी त्याचे रूप तेच राहते.

मात्र इंग्लंड-अमेरिकेतील अनेक बोलींत ‘डोन्ट’ सर्व कर्त्यांना सारखेच लावतात आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सुशिक्षितांच्या बोलण्यातही ‘ही डोन्ट’ आढळत असे. त्या बोलींच्या नियमांनुसार ते वाक्य शुद्ध असल्याने बोलणाऱ्याला अडाणी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. परीक्षेत आणि अर्जात मात्र ‘डझन्ट’च लिहावे.