गृहकर्ज आधी फेडावं, की दरमहा उरणारे पैसे गुंतवावेत?

"मॅडम, आमच्या गृहकर्जाचं ३० लाख मुद्दल अजून बाकी आहे. १५ वर्षं राहिलीत, व्याज साडेआठ टक्के, बदलत्या दराचं. सगळा खर्च जाऊन महिन्याला २० हजार उरतात आणि ६ लाखांची एक एफडी नुकतीच मोकळी झाली आहे. मला वाटतं, सगळं कर्जात भरावं आणि सुटावं. हे म्हणतात, बाजारात अकरा-बारा टक्के मिळत असताना साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडणं हे नुकसानच. शिवाय व्याज सुरुवातीलाच भरून झालंय, आता फेडून काय उपयोग? आमच्यात बरोबर कोण?"

मी आधी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात केली, कारण हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक कर्जदाराकडे दिसतो, आणि त्यावर लोक मोठे निर्णय घेतात. तो का होतो तेही समजण्यासारखं आहे. यांचं मूळ कर्ज ३४ लाखांचं, २० वर्षांचं. पाच वर्षांत हप्त्यांपोटी १७ लाख ७२ हजार भरले आणि मुद्दल कमी झालं जेमतेम ४ लाखांनी. बाकी सगळं व्याजात गेलं. स्टेटमेंटवर हे आकडे पाहिले की कोणालाही वाटेल, व्याजाचा मोठा घास तर गिळून झाला, आता मागे राहिलं ते मुद्दल.

पण बँक व्याज आगाऊ घेत नाही. ते त्या त्या महिन्याच्या बाकी मुद्दलावर लागतं. ३० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी या महिन्याचं व्याज २१,२५० होतं, म्हणून २९,५४२ च्या हप्त्यातले फक्त ८,२९२ मुद्दलाला लागतात. आज १ लाख जास्तीचे भरले, तर त्या १ लाखावरचं साडेआठ टक्के व्याज आजपासून थांबतं. हेच १ लाख दहा वर्षांनी भरले, तर त्या दिवसापासून तेवढ्याच दराने थांबतं. फरक फक्त पुढे किती वर्षं ते थांबलेलं राहणार, एवढाच. म्हणजे कर्ज फेडणं ही साडेआठ टक्के पक्का परतावा देणारी गोष्ट आहे, आणि ती कर्जाच्या कोणत्याही वर्षी तशीच असते.

बाजारात जास्त मिळतं हा नवऱ्याचा मुद्दा जास्त गंभीर होता, म्हणून आम्ही तिघांनी बसून आकडे मांडले. एफडी बाजूला ठेवली आणि फक्त महिन्याच्या २० हजारांचा विचार केला.

बाईंच्या मार्गाने गेलं, तर महिन्याला हप्ता अधिक २० हजार, म्हणजे साधारण साडेएकोणपन्नास हजार कर्जात जातात आणि कर्ज ६ वर्षं ८ महिन्यांत संपतं. व्याज वाचतं सुमारे १४ लाख. हा आकडा ऐकून त्यांचा चेहरा खुलला. मी त्यांना थांबवलं, कारण "व्याज किती वाचलं" हा आकडा एकटा पाहून निर्णय घेऊ नये. तेच २० हजार कुठेतरी गुंतवले असते तर तेही वाढलेच असते. तुलना करायची तर दोन्ही मार्ग पंधराव्या वर्षाच्या शेवटी आणून उभे करावे लागतात.

तसं केलं. पहिला मार्ग: कर्ज लवकर संपवायचं आणि मोकळे झालेले साडेएकोणपन्नास हजार उरलेली ८ वर्षं ४ महिने गुंतवायचे. दुसरा मार्ग: हप्ता चालू ठेवून २० हजार पूर्ण १५ वर्षं गुंतवायचे. गुंतवणुकीवर कर आणि खर्च जाऊन साडेआठच टक्के सुटले, तर दोन्ही मार्गांनी हातात सारखेच पैसे येतात, साधारण ७२ लाख. ७ टक्के सुटले, तर कर्ज आधी फेडणारा जवळपास ४ लाखांनी पुढे. ११ टक्के सुटले, तर गुंतवणारा साडेनऊ लाखांनी पुढे.

नवऱ्याला आपलं म्हणणं सिद्ध झालं असं वाटलं. खरं तर त्या मांडणीत दोन गोष्टी आम्ही गृहीत धरल्या होत्या आणि त्या माणसाच्या वागण्यावर अवलंबून होत्या. पहिल्या मार्गात, कर्ज संपल्यावर साडेएकोणपन्नास हजारांतली पैही खर्चात जिरता कामा नये. माझ्या पाहण्यात हे फार कमी घरांत होतं, हप्ता संपतो आणि वर्षभरात राहणीमान त्याची जागा घेतं. दुसऱ्या मार्गात, बाजार कितीही पडला तरी १५ वर्षं २० हजारांची एसआयपी थांबता कामा नये. मी त्यांना त्यांच्या जुन्या गुंतवणुकीचं स्टेटमेंट आणायला सांगितलं. त्यात दिसलं की बाजार पडल्यावर त्यांनी एसआयपी बंद केली होती, काही युनिट्स तोट्यात विकले होते आणि बाजार वर गेल्यावर पुन्हा सुरू केलं होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, नोकरीची काळजी असताना पडता आकडा पाहणं अवघडच असतं. पण अशा वागण्यातून फंडाला मिळालेले ११ टक्के गुंतवणूकदाराला मिळत नाहीत. म्हणून कागदावरचा साडेआठ विरुद्ध अकरा हा सामना मला मान्य नाही. एका बाजूला पक्के साडेआठ आहेत, दुसऱ्या बाजूला एक अंदाज, आणि त्या अंदाजातून कर, खर्च आणि स्वतःचा स्वभाव वजा करायचा आहे.

कराची एक बाजू कर्जाकडेही असते. व्याजावर करसवलत मिळत असेल तर कर्ज प्रत्यक्षात स्वस्त पडतं. सगळ्या व्याजावर ३० टक्के कर वाचत असेल, तर साडेआठचे सहाच्या आत येतात आणि मग आधी फेडण्यात तितका अर्थ राहत नाही. मात्र सवलतीला वरची मर्यादा असेल आणि तुमचं वर्षाचं व्याज तिच्या वर जात असेल, तर जास्तीचे पैसे भरून आधी कमी होतं ते मर्यादेबाहेरचं, सवलत नसलेलं व्याज. तोवर बचत पूर्ण साडेआठच. या जोडप्याचं तसंच होतं. "करात सूट मिळते म्हणून कर्ज ठेवा" असं कोणी म्हणालं की आधी हा हिशेब पाहावा.

आता ती ६ लाखांची एफडी. बाई ती दुसऱ्याच दिवशी बँकेत भरायला निघाल्या होत्या, आणि आकडेमोडीत त्या बरोबर होत्या. नवी एफडी साडेसहा टक्क्यांनी मिळाली असती, २० टक्के कर जाऊन सव्वापाच टक्केही सुटत नव्हते. कर्ज साडेआठचं. तरीही मी नको म्हणाले. त्यांच्याकडे दुसरी रोख जवळजवळ नव्हती, नवरा खासगी नोकरीत होता, आणि हप्ता धरून घराचा खर्च ८० हजारांच्या आसपास होता.

आपण कर्ज आधीच फेडून ठेवलं तर वाईट काळात बँक सांभाळून घेईल, असं अनेकांना वाटतं. सहसा तसं होत नाही. आज ६ लाख जास्तीचे भरले आणि तीन महिन्यांनी नोकरी गेली, तरी चौथ्या महिन्याचा हप्ता ठरल्या तारखेला पूर्ण द्यावाच लागतो. भिंतीत गेलेले पैसे परत मागता येत नाहीत, नवं कर्ज काढावं लागतं, तेही पगार बंद असताना. काही बँका गृहकर्जाला जोडलेलं असं खातं देतात, ज्यात ठेवलेल्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही आणि रक्कम हवी तेव्हा काढता येते. यांच्या बँकेत ती सोय होती, पण दर वाढवून, आणि पूर्ण ३० लाखांवर वाढीव दर देणं ५ लाखांच्या ठेवीसाठी परवडत नव्हतं.

म्हणून ५ लाख, म्हणजे सहा महिन्यांच्या खर्चाइतके, एफडीतच ठेवायचे ठरले. दोन दरांमधल्या फरकामुळे याची किंमत वर्षाला साधारण साडेसोळा हजार पडते. बाईंना ती जड वाटली. मी म्हटलं, हा घराचा विम्याचा हप्ता समजा, आणि मोकळेपणाने भरा.

उरलेला १ लाख कर्जात गेला. तो भरताना बँकेने विचारलं, मुदत कमी करायची की हप्ता? मुदत कमी केली की व्याज जास्त वाचतं, हे खरं, पण ते हप्ता आहे तेवढाच भरत राहिल्यामुळे. आम्ही हप्ता कमी करून घेतला, २९,५४२ चा सुमारे २८,५५० झाला, आणि फरकाचे पैसे स्वतःहून भरत राहायचं ठरवलं. बचत तीच होते, पण अडचणीच्या महिन्यात कायद्याने द्यावी लागणारी रक्कम कमी असते. ज्यांना स्वतःवर हा भरवसा नाही, त्यांनी मुदतच कमी करावी.

महिन्याच्या २० हजारांचं शेवटी असं ठरलं: १२ हजार कर्जात, ८ हजार इक्विटी फंडात. याने कर्ज ८ वर्षं १ महिन्यात संपतं. तेव्हा नवरा ५२ वर्षांचा असेल आणि मुलगा पंधराचा, म्हणजे कॉलेजच्या खर्चाआधी तीन वर्षं जवळपास साडेएकेचाळीस हजार महिन्याला मोकळे होतील. ८ हजार एवढ्यासाठी की तेवढी रक्कम बाजार पडला तरी आपण थांबवणार नाही, असं नवऱ्याने स्वतः सांगितलं. २० हजारांबद्दल ते तसं म्हणू शकले नाहीत. बाईंना कर्जाचं ओझं झोपू देत नव्हतं, हेही मी हिशेबात धरलं. साडेआठ पक्के मिळत असताना मनाला शांतता मिळत असेल, तर ती घेण्यात काही चूक नाही.

दरमहा जास्तीची रक्कम भरायला शुल्क आहे का, किमान रक्कम किती, हे आधी करारात पाहिलं. पहिल्या भरण्यानंतर स्टेटमेंट उघडून पाहायला लावलं, आणि बरं झालं: बँकेने ते जास्तीचे पैसे पुढच्या हप्त्याचे आगाऊ म्हणून धरले होते, मुद्दल तसूभरही जास्त हललं नव्हतं. लेखी अर्ज दिल्यावर दुरुस्ती झाली. आता पैसे भरताना दर वेळी "मुद्दलात जमा" असं लेखी देतात आणि बाकी मुद्दल हप्त्यातल्या मुद्दलाच्या वर आणखी बरोबर जास्तीच्या भरलेल्या रकमेइतकं उतरलं का ते पाहतात. त्याच भेटीत नव्या कर्जदारांना कोणता दर मिळतोय हेही विचारायला लावलं. तो यांच्यापेक्षा अर्ध्या टक्क्याने कमी निघाला. थोडं शुल्क भरून दर ८ टक्क्यांवर आला, म्हणजे पहिल्याच वर्षी साडेचौदा हजारांच्या आसपास व्याज वाचलं, एकही जास्तीचा रुपया न भरता.

दर साडेनऊच्या वर गेला तर एसआयपीचे ८ हजारही कर्जाकडे वळवायचे, ७ च्या खाली आला तर कर्जातले १२ हजार फंडाकडे, असं दोघांनी लिहून सही करून ठेवलं आहे.